‘ते किएरो’ की ‘ते आमो’?

स्पेनमधली एक आई रात्री मुलाला मोबाइलवर दोन निरोप पाठवते. पहिला : ‘ते किएरो एन कासा आ लास दिएस.’ दुसरा, थोड्या वेळाने : ‘ते किएरो.’ पहिल्याचा अर्थ, दहा वाजता तू मला घरात हवा आहेस. दुसऱ्याचा अर्थ, माझा तुझ्यावर जीव आहे. दोन्हीकडे शब्द तेच, पण मुलगा क्षणभरही गोंधळत नाही. पहिल्या निरोपात जागा आणि वेळ सांगितली आहे, म्हणजे तो हुकूम आहे. दुसऱ्यात काहीच सांगितलेलं नाही, फक्त ‘तू’ आहेस, म्हणजे ती माया आहे.

स्पॅनिश ही सुमारे 50 कोटी लोकांची मातृभाषा आहे, आणि या सगळ्यांकडे प्रेम व्यक्त करायला दोन वाक्यं आहेत. एक ‘ते किएरो’, दुसरं ‘ते आमो’. ‘ते’ म्हणजे ‘तुला’. ‘किएरो’चं मूळ क्रियापद ‘केरेर’ आणि ‘आमो’चं ‘आमार’. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला दोन्हींसाठी ‘आय लव्ह यू’ हा एकच अर्थ सांगितला जातो. वर एक खुलासा जोडलेला असतो : ‘ते किएरो’ म्हणजे थोडं प्रेम, ‘ते आमो’ म्हणजे जास्त प्रेम. हा खुलासा सोपा आहे, पाठ करायला बरा आहे, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी चुकीचा ठरतो. मेक्सिकोत तो बराचसा चालेल. माद्रिदमध्ये त्याच्या भरवशावर राहिलात, तर वीस वर्षं सुखाने संसार केलेल्या जोडप्याचं एकमेकांवर कधी पुरतं प्रेमच बसलं नाही, असा निष्कर्ष काढाल.

शोधण्यापासून मायेपर्यंत

‘केरेर’चं मूळ लॅटिनमधल्या ‘क्वेरेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ शोधणं, मागणं. जे शोधतो ते हवं असतं, आणि जो माणूस हवाहवासा वाटतो त्याच्यावर जीव जडतो. अर्थाचा हा प्रवास स्पॅनिशमध्ये शेवटपर्यंत गेला, पण वाटेतले थांबेही शिल्लक राहिले. म्हणून आजही ‘किएरो आग्वा’ म्हणजे मला पाणी हवं आहे, आणि ‘किएरो आ मि माद्रे’ म्हणजे माझं आईवर प्रेम आहे.

या दुसऱ्या वाक्यातलं छोटंसं ‘आ’ महत्त्वाचं आहे. कर्म ओळखीची, विशिष्ट व्यक्ती असेल तर स्पॅनिशमध्ये तिच्याआधी ‘आ’ येतो. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये, कारण आपणही असंच करतो. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हटलं की कुठलाही डॉक्टर चालेल, आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हटलं की ते ठरलेले, ओळखीचे डॉक्टर. स्पॅनिशमध्ये ‘किएरो उन इहो’ म्हणजे मला मुलगा हवा आहे, जो अजून जन्मायचा आहे. ‘किएरो आ मि इहो’ म्हणजे माझं माझ्या मुलावर प्रेम आहे. त्या एका ‘आ’ने इच्छेचं प्रेम होतं. ‘ते किएरो’मध्ये समोरचा माणूस ठरलेलाच आहे, त्यामुळे वाक्य तिथेच संपलं तर ते प्रेम असतं. पुढे ‘इथे’, ‘दहा वाजता’ असं काही आलं, तर बहुधा अपेक्षा किंवा हुकूम.

‘आमार’ हे लॅटिन ‘आमारे’वरून सरळ आलेलं. त्याला दुसरा अर्थ नाही, ते फक्त प्रेमच करतं. पण कुठे करतं ते पाहावं. देवावर प्रेम करावं, शेजाऱ्यावर प्रेम करावं, देशावर प्रेम करावं, या सगळ्या उपदेशांत ‘आमार’ येतं. कॅथलिक लग्नात वधूवर एकमेकांना आयुष्यभर प्रेम आणि आदर देण्याचं वचन देतात, तिथेही ‘आमार’. म्हणजे धर्मग्रंथ, शपथ, कविता आणि भाषण ही त्याची हक्काची ठिकाणं.

‘केरेर’ मात्र घरात वावरतं. पत्राची सुरुवात ‘केरिदा’ किंवा ‘केरिदो’ने होते, म्हणजे आपलं ‘प्रिय’. जवळच्या माणसांना एकत्र मिळून ‘सेरेस केरिदोस’ म्हणतात. अपघाताच्या बातमीत मृतांचे ‘सेरेस केरिदोस’ येतात, निवृत्तीच्या भाषणात आभार मानायला तेच येतात. याउलट ‘आमार’वरून झालेला ‘आमान्ते’ हा शब्द नाम म्हणून वापरला की बहुतेकदा चोरून ठेवलेला प्रियकर किंवा प्रेयसी असा अर्थ होतो. ‘उना केरिदा’ म्हटलं तर तीही ‘ठेवलेली बाई’ होऊ शकते, त्यामुळे घरंदाजपणाचा मक्ता एकाच क्रियापदाकडे आहे असंही नाही.

आणखी एक गंमत. ‘आमो’ हे क्रियापद जड, पण ‘आमोर’ हे नाम अगदी हलकं. कॅरिबियन बेटांवर किंवा कोलंबियात भाजी विकणारी बाई अनोळखी गिऱ्हाइकालाही ‘मि आमोर’ म्हणते, म्हणजे ‘माझ्या लाडक्या’. गिऱ्हाईक पैसे देतं आणि निघून जातं, कुणाच्याही मनात काही येत नाही. तिने त्याच गिऱ्हाइकाला ‘ते आमो’ म्हटलं तर मात्र रांगेतले सगळे मागे वळून पाहतील.

घरात आणि मित्रांत

आई, वडील, भावंडं, आजी, मावशी, जिवलग मित्र या सगळ्यांसाठी स्पेनपासून चिलीपर्यंत बिनधोक चालणारं वाक्य एकच : ‘ते किएरो’. त्याला बहुतेक वेळा ‘मुचो’ म्हणजे ‘खूप’ जोडला जातो. फोन ठेवताना आजीला ‘ते किएरो मुचो, आबुएला’. मेक्सिकोतली आई मुलाला ‘ते किएरो मुचो, मिहो’ म्हणते. ‘मि इहो’ म्हणजे ‘माझ्या मुला’, ते बोलता बोलता ‘मिहो’ झालं. मैत्रिणी एकमेकींना सर्रास म्हणतात. पुरुष मित्रही म्हणतात, पण पुष्कळदा शेवटी एखादं संबोधन लावून : ‘ते किएरो, एर्मानो’, म्हणजे ‘भावा’. त्या संबोधनाने वाक्य मैत्रीच्या कुंपणात राहतं आणि संकोच कमी होतो. पाठीवर दोन थापा बसल्या की विषय संपतो.

तरुणांनी या वाक्याचं आखूड रूपही केलं. मोबाइलच्या संदेशांत `TQM` असं लिहिलेलं दिसतं, ते ‘ते किएरो मुचो’ची आद्याक्षरं. काही जण क्यूच्या जागी के घालून `TKM` लिहितात. वर्गातल्या मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली असं लिहिण्यात प्रेमाची कबुली वगैरे काही नसते.

‘मुचो’ची एक खोडी मात्र लक्षात ठेवावी. ‘खूप’ जोडलं की प्रेम वाढायला हवं, असं आपल्याला वाटतं. कुटुंबात ते वाढतंच. पण जोडप्यांत, विशेषतः नुकत्या जुळलेल्या, नुसतं ‘ते किएरो’ जास्त गंभीर वाटू शकतं आणि ‘ते किएरो मुचो’ थोडं मैत्रीकडे झुकलेलं. कारण ‘मुचो’ आला की वाक्यावर आजी, मावशी आणि वर्गमैत्रीण यांची सावली पडते. अनेक महिने नुसतं ‘ते किएरो’ म्हणणारा माणूस एकदम ‘ते किएरो मुचो’ म्हणायला लागला, तर ऐकणारी क्वचित विचारात पडते : हे वाढलं की निसटलं?

आदरार्थी बोलण्याचाही प्रश्न येतो. स्पॅनिशमध्ये ‘तू’साठी ‘तु’ आणि ‘आपण’साठी ‘उस्तेद’ आहे. स्पेनमध्ये आज घरात ‘उस्तेद’ जवळपास ऐकू येत नाही. पण कोलंबियात, विशेषतः बोगोता आणि भोवतालच्या डोंगराळ मुलखात, आईवडिलांशी, भावंडांशी, इतकंच नव्हे तर नवराबायकोतही ‘उस्तेद’ चालतं. तिथे ‘ते’ची जागा ‘लो’ किंवा ‘ला’ घेतात. मुलगा वडिलांना ‘लो किएरो मुचो, पापा’ म्हणतो आणि आईला ‘ला किएरो मुचो’. पुस्तकातून शिकलेल्याला हे परकेपणाचं वाटेल. तिथे मात्र ते घरातलंच बोलणं आहे. उलट अर्जेंटिनात ‘तु’ऐवजी ‘वोस’ म्हणतात आणि क्रियापदांची रूपं बदलतात, पण ‘ते’ जसाच्या तसा राहतो. त्यामुळे ब्युनोस आयर्समध्येही ‘ते किएरो’ आणि ‘ते आमो’ हीच वाक्यं ऐकू येतात.

मग ‘ते आमो’ घरात येतच नाही का? लॅटिन अमेरिकेत येतं, आणि वाढत्या प्रमाणात येतं. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना अशा देशांत तरुण आईवडील तान्ह्या मुलांना ‘ते आमो, इहो’ सहज म्हणतात, मुलंही आईला म्हणतात. तिथे त्या वाक्यात शृंगाराचा लवलेश नसतो, वजन मात्र पूर्ण असतं. त्याच देशांतल्या आधीच्या पिढीतले पुष्कळ लोक सांगतील की आमच्या घरी आई ‘ते किएरो’च म्हणायची, वडील तेही म्हणायचे नाहीत. तरुण मैत्रिणींत आणि अर्जेंटिनातल्या मित्रांत ‘ते आमो’ तर चक्क उधळपट्टीने वापरलं जातं. कुणी हरवलेली किल्ली शोधून दिली, तरी ‘ते आमो!’ अशी आरोळी येते. स्वर उंच, चेहरा हसरा, आणि पुढच्या क्षणी विषय वेगळा. शब्द तोच असला तरी त्याचं वजन किती धरायचं, ते स्वर आणि प्रसंग पाहून ठरवावं लागतं.

या भागात परक्या माणसाला खरा खड्डा पडतो तो तिसऱ्याच वाक्याने. मैत्रिणीला ‘तू मला आवडतेस’ असं साधेपणाने सांगायचं म्हणून तो ‘मे गुस्तास’ म्हणतो. ‘गुस्तार’ म्हणजे आवडणं, शब्दकोशात तसंच दिलेलं असतं. पण माणसाच्या बाबतीत ‘मे गुस्तास’ म्हणजे ‘मी तुझ्याकडे ओढला गेलो आहे’. निव्वळ मैत्रीतली पसंती सांगायला ‘मे काएस ब्येन’ हे वाक्य आहे. म्हणून ‘ते किएरो’ म्हणजे मैत्रीतलं मोठं प्रेम आणि ‘मे गुस्तास’ म्हणजे प्रेमातली छोटी सुरुवात. ही दोन वाक्यं एका शिडीच्या दोन पायऱ्या नाहीत, त्यांच्या वाटाच वेगळ्या आहेत.

जोडप्यांचा हिशेब : स्पेन आणि समुद्रापलीकडे

लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात जोडप्यांसाठी खरोखरच पायऱ्या आहेत. आधी ‘मे गुस्तास’. मग ‘मे एन्कान्तास’, म्हणजे तू मला फारच आवडतेस. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ‘ते किएरो’. हा पहिला मोठा टप्पा. आणि नातं पक्कं झालं, पुढच्या आयुष्याचा विचार एकत्र व्हायला लागला की ‘ते आमो’. पहिलं ‘ते आमो’ कुणी म्हटलं, कधी म्हटलं, हे दोघांच्याही लक्षात राहतं. ते फार लवकर म्हटलं तर समोरचा माणूस बिचकतो. वर्ष उलटूनही म्हटलं नाही तर काळजी सुरू होते. नातं तुटताना हाच फरक हत्यारासारखा वापरला जातो : ‘ते किएरो, पेरो नो ते आमो.’ माझी तुझ्यावर माया आहे, पण ते प्रेम नाही.

स्पेनमध्ये ही वरची पायरी बहुतेकांच्या घरात नाहीच. तिथे ‘ते किएरो’ हेच पहिलं आणि तेच शेवटचं. प्रेमात पडलेली मुलं तेच म्हणतात, साठीतली जोडपी तेच म्हणतात. ‘ते आमो’ तिथे कुणाला कळत नाही असं नाही, पण रोजच्या बोलण्यात ते नाटकी वाटतं, पुस्तकातून उचललेलं वाटतं. हे वाटणं जुनंच होतं, त्यावर टीव्हीने शिक्का मारला. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1990 च्या सुमारास स्पेनच्या सरकारी वाहिनीवर मेक्सिको आणि व्हेनेझुएलाच्या लांबलचक मालिका दाखवल्या गेल्या. ‘लोस रिकोस ताम्ब्येन योरान’ आणि ‘क्रिस्ताल’ या त्यांतल्या गाजलेल्या. दुपारी घरोघरी लोक त्या पाहत बसत आणि त्यांना चेष्टेने ‘कुलेब्रोन’, म्हणजे मोठा साप, म्हणत, कारण त्या संपतच नसत. मालिकांतले नायक-नायिका डोळ्यांत पाणी आणून ‘ते आमो’ म्हणत. पाहणाऱ्यांचे डोळेही भरून येत, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून ते वाक्य म्हणायची कल्पना त्यांना हास्यास्पद वाटे.

आज तिथेही चित्र हलतं आहे. लॅटिन अमेरिकेतून आलेले लाखो लोक स्पेनमध्ये राहतात, त्यांची मुलं तिथल्या शाळांत शिकतात, गाणी आणि मालिका दोन्हीकडून वाहतात. त्यामुळे तरुण स्पॅनिश माणसाच्या तोंडून ‘ते आमो’ आता अधूनमधून ऐकू येतं. पण घरातलं वाक्य अजूनही ‘ते किएरो’च आहे.

हा फरक किती खोल जाऊ शकतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, मेक्सिकोचा एक मुलगा माद्रिदला शिकायला आला आणि माद्रिदच्याच एका मुलीशी त्याचं जुळलं. सहा महिन्यांत दोघंही अनेकदा ‘ते किएरो’ म्हणाले आहेत. मुलाच्या मनात पुढचं वाक्य बरेच दिवस घोळतं आहे. त्याने ते जपून ठेवलं आहे, कारण त्याच्या गावी ते सहज उधळत नाहीत. एका संध्याकाळी तो ‘ते आमो’ म्हणतो. मुलगी हसते, त्याचा हात दाबते आणि मनापासून म्हणते, ‘यो ताम्ब्येन ते किएरो.’ माझंही तुझ्यावर प्रेम आहे.

आता दोघांच्या कानांनी ऐकू. मुलाने वरची पायरी चढून हात पुढे केला आणि मुलगी खालच्याच पायरीवर उभी राहिली, असं त्याला वाटतं. तिने उत्तर दिलं, पण जपून, एक पायरी राखून. मुलीच्या दृष्टीने तिने काहीच राखलेलं नाही. प्रियकराला सांगायचं जे सर्वांत मोठं वाक्य तिच्या घरात आहे, ते तिने सांगितलं आहे. मुलाचं ‘ते आमो’ तिला गोड वाटलं, थोडं मालिकेसारखंही वाटलं, आणि त्यात एखादा टप्पा दडला असेल हे तिच्या ध्यानातही आलं नाही. प्रेम दोघांचं सारखंच आहे, फक्त ते मोजायच्या फूटपट्ट्या दोन आहेत.

यातून सुटायचं कसं? ‘तू मला ते आमो का म्हणत नाहीस?’ असं विचारून फारसं काही निघणार नाही. ती आग्रहाखातर म्हणेल आणि तिला ते उसनं वाटेल. उपयोगी पडणारा शब्द आहे ‘एनामोरादा’, म्हणजे प्रेमात पडलेली. ‘एस्तोय एनामोरादा दे ती’, मी तुझ्या प्रेमात आहे, हे वाक्य समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने घेतलं जातं. ते आईला, आजीला, मैत्रिणीला म्हणता येत नाही, त्यामुळे त्यात संशयाला जागा उरत नाही. स्पेनमध्ये नातं मोडतानाही हाच शब्द येतो. मेक्सिकोचा माणूस जिथे ‘नो ते आमो’ म्हणेल, तिथे स्पेनचा माणूस म्हणतो, ‘ते किएरो, पण मी एनामोरादो नाही.’ म्हणजे स्पेनलाही माया आणि प्रणय यांतला फरक सांगायची गरज पडते. ते काम तिथे ‘आमार’कडे सोपवलेलं नाही, इतकंच.

इंटरनेटवरचा छोटा राजकुमार

या विषयावर स्पॅनिश भाषिकांच्या मोबाइलवर वर्षानुवर्षं एक मजकूर फिरतो आहे. त्यात छोटा राजकुमार आणि गुलाब यांचा संवाद आहे. राजकुमार ‘ते आमो’ म्हणतो, गुलाब ‘मीही ते किएरो’ असं उत्तर देतं, आणि मग राजकुमार त्याला समजावतो की ‘केरेर’ म्हणजे ताब्यात घेणं, अपेक्षा ठेवणं, आणि ‘आमार’ म्हणजे निरपेक्षपणे दुसऱ्याचं भलं चिंतणं. खाली लेखक म्हणून सेंत एक्झुपेरीचं नाव असतं. 1943 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘छोटा राजकुमार’ या फ्रेंच पुस्तकात असा संवाद कुठेही नाही. असणं शक्यही नाही, कारण फ्रेंचमध्ये या जागी ‘एमे’ हे एकच क्रियापद आहे. त्या भाषेत हा शब्दखेळ उभाच राहत नाही. मजकूर स्पॅनिशमध्येच कुणीतरी रचला आणि त्याला मोठ्या लेखकाचं नाव चिकटवलं.

तरी तो लोकांना पटतो, कारण ‘केरेर’मध्ये ‘हवं असणं’ आहे हे खरंच आहे. पण शब्दाचं मूळ आणि शब्दाचा आजचा अर्थ यांची गल्लत करून माणसाच्या भावना मोजता येत नाहीत. स्पेनच्या भाषा अकादमीच्या शब्दकोशात ‘केरेर’चा एक अर्थ म्हणून ‘आमार’च दिलेला आहे. आणि कवींनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. चिलीच्या पाब्लो नेरुदाचा वीस प्रेमकवितांचा प्रसिद्ध संग्रह 1924 मध्ये आला, तेव्हा तो अजून विशीतही पोचला नव्हता. त्यातल्या विसाव्या कवितेत हरवलेल्या प्रेयसीबद्दल बोलताना त्याने पुन्हा पुन्हा ‘केरेर’ वापरलं आहे. ‘आमार’ येतं ते तिच्या डोळ्यांसाठी. उरुग्वेच्या मारिओ बेनेदेत्तीच्या सर्वांत लोकप्रिय प्रेमकवितांपैकी एकीचं नावच ‘ते किएरो’ आहे. अंदालुसियाच्या फ्लामेंको गाण्यात प्रेमाला, त्यातल्या आगीसकट, ‘एल केरेर’ म्हणतात. रोसालिया या कॅतलान गायिकेने 2018 मध्ये एका विषारी नात्याची गोष्ट सांगणारा अल्बम काढला, त्याचं नाव ‘एल माल केरेर’. हे क्रियापद कोमट असतं, तर इतक्या तापलेल्या जागी ते टिकलं नसतं.

दोन्ही क्रियापदांचा सर्वांत नेमका वापर कदाचित बायबलच्या भाषांतरात सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात पुनरुत्थित येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? मूळ ग्रीकमध्ये येशू पहिल्या दोन वेळा ‘अगापाओ’ हे क्रियापद वापरतो आणि पेत्र तिन्ही वेळा ‘फिलेओ’ने उत्तर देतो. तिसऱ्यांदा येशूच ‘फिलेओ’वर येतो. स्पेनमधल्या काही कॅथलिक भाषांतरांनी हा फरक ‘आमार’ आणि ‘केरेर’ने दाखवला आहे. येशू ‘आमार’ने विचारतो, पेत्र ‘ते किएरो’ म्हणतो आणि शेवटी येशू पेत्राच्या क्रियापदावर उतरतो. प्रोटेस्टंटांच्या रेइना-वालेरा भाषांतरात, 1960 च्या आवृत्तीत, सगळीकडे ‘आमार’च आहे. एकाच प्रसंगासाठी दोन परंपरांनी दोन वाटा निवडल्या. ज्यांनी फरक दाखवला, त्यांनीही पेत्राचं प्रेम कमी आहे असं सुचवलेलं नाही. माणूस देवाशी माणसाच्या घरगुती भाषेत बोलतो, एवढंच त्यातून ऐकू येतं.

उत्तर काय द्यायचं?

‘ते किएरो’ ऐकल्यावर पुष्कळ लोक ‘यो ताम्ब्येन’, म्हणजे ‘मी पण’, असं म्हणतात आणि ते खपून जातं. काही चोखंदळ लोक त्यावर चिडवतात : तू पण स्वतःवरच प्रेम करतोस का? कारण व्याकरणाने पाहिलं तर वाक्यातलं प्रेम कुणावर, ते तिथे सांगितलेलंच नाही. नेमकं उत्तर आहे ‘इ यो आ ती’, म्हणजे ‘आणि माझं तुझ्यावर’. या उत्तराचा आणखी एक फायदा आहे. त्यात क्रियापदच नाही. समोरच्याने ‘किएरो’ म्हटलं असेल तर हे उत्तर ‘किएरो’चं होतं, ‘आमो’ म्हटलं असेल तर ‘आमो’चं. माद्रिदच्या त्या मुलीने त्या संध्याकाळी एवढंच म्हटलं असतं, तर मुलाची झोप उडाली नसती.

मराठी मुलंमुली हल्ली स्पॅनिश शिकतात, कामासाठी मेक्सिकोला किंवा स्पेनला जातात, तिथल्या घरांत पाहुणे म्हणून राहतात. त्यांच्या उपयोगाचं सांगायचं तर ते थोडक्यात असं. ज्या घरात राहता, त्या घरातल्या आजीला आणि मित्रांना निरोप देताना ‘ते किएरो मुचो’ म्हणा, कुठल्याही देशात चुकणार नाही. पण ओळख मुरल्यावरच म्हणा, पहिल्याच आठवड्यात नको. निव्वळ आवडीच्या माणसाला ‘मे काएस ब्येन’ म्हणा आणि ‘मे गुस्तास’ खरोखर तसं असेल तेव्हासाठी राखून ठेवा. तुम्हाला एखाद्या अर्जेंटिनी मैत्रिणीने हसत ‘ते आमो’ म्हटलं, तर ती तुमच्या प्रेमात पडली आहे असं समजू नका. आणि ज्या माणसावर खरंच प्रेम बसलं आहे, तो ज्या देशाचा, ज्या घरचा, त्या घरात आईवडील एकमेकांना काय म्हणतात ते आधी ऐका. तुमचं वाक्य तेच असायला हवं.